चित्रकलेच्या सरांना निरोप द्यायचाय, पण मी चित्रकार झाले नाही

"मी ३६ वर्षांची. ठाण्यात राहते, नवी मुंबईत एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर या महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ आहे आणि माजी विद्यार्थ्यांच्या वतीने मी पाच मिनिटं बोलावं, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवलंय. मी जवळ राहते आणि शाळेत वक्तृत्व स्पर्धेत असायचे, एवढंच कारण. मला चित्रकलेत गती नव्हती. एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली, इंटरमिजिएटला बसलेच नाही. आमच्याच वर्गातला एक जण पुढे जेजेला गेला, आता बंगळुरूला ॲनिमेशनमध्ये आहे. खरं तर त्याने बोलायला हवं, पण त्याला येता येत नाहीये. मी काय बोलणार? वस्तुचित्राच्या तासाला सर माझा तांब्या दर वेळी खोडायला लावायचे, कारण मी तळ सरळ रेघेने काढायचे. अजूनही ऑफिसात चहाचा कप समोर आला की त्याच्या तळाकडे लक्ष जातं, पण हे काही व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. लिहायला बसले की 'गुरुर्ब्रह्मा'च्या पुढे गाडी सरकत नाही. एक गोष्ट मात्र आहे. सरांनी वर्गातल्या एका मुलाला रंग आणून दिले होते, त्याची परीक्षेची फीसुद्धा भरली होती. तो आज मोठ्या हुद्द्यावर आहे. हे सांगितलं तर सभागृह गहिवरेल. शिवाय सरांच्या जागी नवीन शिक्षक येणार नाही असं कळतंय, तेही बोलून दाखव असं ग्रुपवर काही जण म्हणतात. काय करू?"
एक माजी विद्यार्थिनी, ठाणे

तुमचं पत्र वाचताना मी त्या चहाच्या कपाशी थांबले. शाळा सुटून वीस वर्षं झाली, रोज आकड्यांचं काम, चित्राशी संबंध नाही, आणि तरी कप समोर आला की नजर त्याच्या तळाकडे जाते. ही सवय तुम्हाला कोणी लावली, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग बोलायला काय आहे, हा प्रश्न तुम्हाला का पडावा? मला वाटतं, तुम्ही मनाशी एक गोष्ट गृहीत धरून बसला आहात: चित्रकलेच्या शिक्षकाचं काम म्हणजे चित्रकार घडवणं, आणि म्हणून बोलण्याचा हक्क जो चित्रकार झाला त्याचा.

जरा हिशेब करून बघा, तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला जमेल. शाळेत गणिताचे शिक्षक चार-पाच असतात, चित्रकलेचे बहुधा एकच. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या साऱ्या तुकड्या त्यांच्याच हाताखालून जातात. म्हणजे एका शिक्षकाच्या नोकरीत हजारो मुलं झाली. त्यांतली जेजेला किती गेली असतील? बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची बँकेत, दवाखान्यात, दुकानात, लोकलच्या डब्यात आहेत. सरांच्या कामाचं मोजमाप त्या मूठभरांवरून केलं, तर उरलेले सगळे तास वाया गेले असं म्हणावं लागेल. ते वाया गेले नाहीत, याचा पुरावा तुमच्यासारखीच देऊ शकते. जेजेला गेलेला तुमचा मित्र बोलला, तर ऐकणाऱ्यांना वाटेल, त्याच्यात मुळातच होतं. तुमच्या बाबतीत तसं कोणी म्हणू शकणार नाही. तुमच्यात जे आलं, ते सरांच्या शिकवण्यातूनच आलं.

आता त्या तांब्याकडे येऊ, कारण भाषणाचा जीव तिथे आहे आणि तो नीट समजून घेतला तरच सांगता येईल. तळ सरळ रेघेने काढणं ही मुलांची अगदी ठरलेली चूक. आणि ती आळसामुळे होत नाही, उलट विचार केल्यामुळे होते. मुलाला माहीत असतं की तांब्या टेबलावर सपाट बसलाय, तेव्हा खालची रेघ सरळच असणार. तोंड गोल असतं हेही माहीत असतं, म्हणून वर तो जवळजवळ पूर्ण गोल काढून ठेवतो. प्रत्यक्षात समोर दिसतं ते वेगळंच. भांडं डोळ्यांच्या पातळीखाली असलं की तोंडाचा गोल चपटा, लांबट दिसतो, आणि तळाचा गोल डोळ्यापासून आणखी खाली असल्यामुळे तोंडापेक्षा अधिक उघडलेला दिसतो. म्हणून तळाच्या कडेला वरच्यापेक्षा जास्त बाक द्यावा लागतो. घरी स्टीलचा सरळसोट पेला घेऊन बघा. डोळ्यांच्या रेषेत धरला की तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. पेला हळूहळू खाली नेला की ती रेघ उघडत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर तळाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक वाकलेली असते.

म्हणजे दर वेळी खोडायला लावून सर तुम्हाला काय शिकवत होते? माहीत असलेलं बाजूला ठेवून समोर असलेलं बघायला. वस्तुचित्राचा सगळा तास खरं तर या एका गोष्टीसाठी असतो. एलिमेंटरीच्या पेपरात तुम्हाला सी मिळाली, कारण त्या दिवशी त्या वेळेत हात तेवढा चालला नाही. नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तुमची ती नंतर झाली. परीक्षकाला ती दिसली नाही, सरांनाही कदाचित माहीत नसेल. मग हे सरांना कळवायला निरोप समारंभाइतका योग्य दिवस दुसरा कुठला?

इथे एक सावधगिरी. हा धागा ओढून ताणून नोकरीपर्यंत नेऊ नका. 'सरांनी नजर दिली म्हणूनच आज मी हिशेबातल्या चुका पकडते' हे वाक्य तुमच्या मनात येईल, कारण ते भाषणात शोभतं. ते खरं असेल तर जरूर म्हणा. तसं खरोखर घडलेला एखादा प्रसंग आठवतोय का, हे आधी स्वतःला विचारा. आठवत नसेल तर कपापाशीच थांबा. पेन्सिल हातात घेऊन मुलांसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला बेतलेली रेघ लगेच ओळखू येते.

मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि अशा कितीतरी समारंभांचं सूत्रसंचालन केलं. त्या अनुभवावरून सांगते, निरोपाची भाषणं फसतात ती विशेषणांमुळे. मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, हाडाचे शिक्षक, शिस्तप्रिय पण प्रेमळ. यातलं एकही विशेषण खोटं नसतं, पण तेच शब्द पुढच्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या भूगोलाच्या बाईंनाही चालतात. तुमचं भाषण लिहून झालं की एक परीक्षा घ्या. 'चित्रकलेचे सर' हे शब्द काढून तिथे 'पी.टी.चे सर' घाला आणि वाचा. जी वाक्यं तरीही तशीच चालतात, ती काढून टाका. 'गुरुर्ब्रह्मा'ही त्यातच जाईल. तो श्लोक तुमच्या आधी बोलणाऱ्या कोणीतरी म्हटलेलाही असेल.

मग राहील काय? तुमच्या पत्रातलंच घेऊन मी थोडं लिहून दाखवते. हे पाठ करू नका, तुमच्या आठवणीप्रमाणे बदला.

"नमस्कार. मी या शाळेची माजी विद्यार्थिनी, ब तुकडी, खिडकीकडची रांग. सर, तेव्हाचं माझं आडनाव वेगळं होतं, ते सांगते म्हणजे तुम्हाला आठवेल. आणि नाही आठवलं तरी माझा तांब्या आठवेल, कारण तो तुम्ही दर वेळी खोडायला लावलात. मी त्याचा तळ सरळ रेघेने काढायचे. तुम्ही यायचात, वहीवर बोट ठेवायचात आणि विचारायचात, तळ सपाट आहे हे तुला माहीत आहे, पण इथे बसून दिसतंय काय? मला काही वेगळं दिसायचं नाही. मी खोडायचे आणि पुन्हा सरळ रेघ काढायचे. एलिमेंटरीला मला सी ग्रेड मिळाली. त्यानंतर मी चित्र काढलं नाही. आज मी हिशेबाचं काम करते. दुपारी टेबलावर चहा येतो, आणि सर, आता मला तो बाक दिसतो. रोज दिसतो. तोंडापेक्षा तळ जास्त वाकलेला असतो. इथे बसलेल्या सगळ्यांना विनंती आहे, कार्यक्रमानंतर चहा मिळेल तेव्हा कप टेबलावर ठेवा आणि एकदा बघा. सरांनी आम्हाला काय शिकवलं, ते मी सांगण्यापेक्षा तिथे लवकर कळेल."

हे वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. ब तुकडी आणि खिडकी माझ्या मनाची आहे, तिथे तुमचं खरं घाला. सरांनी नेमके कोणते शब्द वापरले हे आठवत नसेल, तर त्यांच्या तोंडी वाक्य घालू नका. 'बोट ठेवून दाखवायचे' एवढंच म्हणा. काही जणांना वाटेल की खरा पेला हातात धरून दाखवावा. ते नको. व्यासपीठ उंच असतं, पुढच्या रांगा खालून बघतात. तुम्ही वर धरलेल्या पेल्याचं तोंड त्यांना दिसणारच नाही, नुसता तळ दिसेल. चहाच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

सुरुवातीला तुकडी आणि माहेरचं आडनाव सांगायचं त्यालाही कारण आहे. एवढ्या मुलांमधून लग्नानंतरच्या नावाने सर तुम्हाला कसे ओळखणार? आपल्याविषयी बोलणारी ही मुलगी नक्की कोण, हे आठवण्यात बिचाऱ्यांचं अर्धं भाषण निघून जातं. पहिल्याच वाक्यात त्यांची सुटका केली तर पुढचं ते मन लावून ऐकतील. ज्यांना बोलायचं नाही पण भेटायला जायचंय, त्यांनीही 'सर, ओळखलंत का?' असं कोड्यात टाकू नये. नाव, साल, तुकडी स्वतःहून सांगावी.

भाषणाच्या उरलेल्या दोन-तीन मिनिटांसाठी दुसरी एखादी आठवण घ्या, पण ती वर्गाबाहेरची असावी. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाच्या वाट्याला अशी किती कामं येतात, ती कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. फलकावरचा सुविचार आणि सणाचं चित्र, स्नेहसंमेलनाचा पडदा, बक्षिसाच्या प्रमाणपत्रांवर सुबक अक्षरात घातलेली नावं, विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी इतरांच्या तक्त्यांवर मारलेला शेवटचा हात. तुमच्या घरी एखादं जुनं प्रमाणपत्र असेल तर काढून बघा. नाव हाताने लिहिलेलं असेल तर ते बहुधा सरांचंच अक्षर. वर्गाच्या ग्रुपवर 'सरांबद्दल दोन शब्द लिहा' असं विचारलंत तर हात जोडल्याच्या खुणा येतील. 'सरांच्या हातचं काय काय अजून घरी आहे?' असं विचारा, फोटो येतील. बंगळुरूच्या मित्राकडूनही एखादी आठवण फोनवर ऐकून घ्या आणि त्याच्या नावाने तुमच्याच भाषणात सांगा. त्याची चित्रफीत दाखवायची म्हटली की पडदा, आवाज, जोडणी यात वेळ जातो आणि तो तुमच्याच पाच मिनिटांतून कापला जातो.

आता रंग आणि फीची गोष्ट. तुमचा हेतू चांगला आहे, तरी मी हे सांगू नका असंच म्हणेन. सरांनी ते वर्गाला कळू न देता केलं असणार, आणि कळू न देणं हाच त्या मदतीचा मोठा भाग होता. त्या मुलाला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये, म्हणून. नाव न घेता सांगितलंत तरी सभागृहात तुमच्याच वर्गाचे लोक असतील आणि ते क्षणात ओळखतील. गोष्ट सरांच्या मोठेपणाची असली, तरी तिच्यातली गरिबी दुसऱ्या कुणाची आहे. ती सांगायची की नाही, हे त्यानेच ठरवायचं. त्याला फोन करा आणि फक्त एवढंच विचारा: 'समारंभ आहे, तुला सरांना काही म्हणायचंय का?' त्याने स्वतः येऊन सांगितलं तर त्याच्याइतकं चांगलं कोणीच सांगू शकणार नाही. त्याने सरांना घरी जाऊन भेटणं पसंत केलं तर तेही छान. आणि तो गप्प राहिला, तर आपणही गप्प राहायचं. तुम्हाला सरांचा हा स्वभाव सुचवायचाच असेल तर चित्रकलेच्या खोलीतलं कपाट आठवून बघा. कुणाचाही ब्रश विसरला, कुणाचा पांढरा रंग संपला, तर सर त्यातून काढून द्यायचे का? देत असतील तर तेवढं सांगा. त्यात सगळे आले, एकटा कोणी उघडा पडत नाही.

रिकाम्या राहणाऱ्या जागेचा प्रश्न खरा आहे आणि तुमच्या ग्रुपची तळमळ मला पटते. चित्रकलेचा तास राहिला नाही तर तुमच्यासारखी सी ग्रेडवाली मुलं आधी सुटतात. ज्यांना आवड आहे त्यांना पालक बाहेर क्लास लावतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतात. ज्यांना गती नाही, त्यांना बोट ठेवून पुन्हा काढायला लावणारं कोणी मिळत नाही. तरी हे त्या व्यासपीठावरून बोलू नका. संस्थेचे पदाधिकारी तिथेच बसलेले असतील, त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल, आणि सरांच्या कार्यक्रमाचा वाद होईल. शिवाय तुम्ही बोललात ते सरांनीच बोलायला लावलं, असा अर्थ काढणारे निघतात. निवृत्तिवेतनाची कागदपत्रं शाळेमार्फतच पुढे जातात, त्या काळात त्यांना असल्या गोष्टीचा ताप नको. समारंभ झाल्यावर आठवड्याभरात माजी विद्यार्थ्यांनी सह्यांचं पत्र मुख्याध्यापिकाबाई आणि संस्थेच्या सचिवांना द्यावं आणि पोच घ्यावी. पत्रात भावना कमी, विचारणा जास्त असू द्या: जागा मंजूर आहे का, भरण्यासाठी काय पाऊल उचललंय, तोवर तास कोण घेणार, परीक्षेला मुलांना कोण बसवणार. तुमच्या मित्रासारखे जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एखाद-दोन दिवस येऊन मुलांना शिकवायची तयारीही त्यात लिहावी. पण ही तयारी म्हणजे कायमच्या शिक्षकाला पर्याय आहे असा अर्थ निघेल, अशा शब्दांत मात्र लिहू नये.

राहता राहिला प्रत्यक्ष दिवस. पाच मिनिटं म्हणजे लिहिलेले साधारण पाचशे शब्द. पण अशा कार्यक्रमांत वेळ हमखास लांबतो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, मग पाहुण्यांची भाषणं, आणि माजी विद्यार्थ्यांची पाळी येईपर्यंत सूत्रसंचालक कानात सांगतो, 'मॅडम, थोडक्यात.' तेव्हा घाईघाईने सगळंच पळवत वाचू नका. घरीच ठरवून ठेवा की वेळ कमी पडला तर दुसरी आठवण गाळायची आणि तांब्या पूर्ण सांगायचा. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेऊ नका, ती तोवर घेऊन झालेली असतात. 'आदरणीय सर आणि सर्वजण' पुरे. घरी मोठ्याने वाचताना जिथे आवाज भरून येतो तिथे कागदावर खूण करा आणि तिथे एक छोटं, सोपं वाक्य ठेवा. लांब वाक्याच्या मध्ये गळा दाटला की पुढचं हरवतं.

एक छोटीशी पण कामाची गोष्ट. सत्कारमूर्ती व्यासपीठावर खुर्चीत बसलेले असतात आणि बोलणारा त्यांच्या पुढे किंवा बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून. म्हणजे ज्यांच्यासाठी बोलायचं ते तुम्हाला दिसतच नाहीत. थोडं लवकर जा, माइक कुठे आहे आणि सर कुठे बसणार आहेत ते बघा, आणि उभं राहताना किंचित तिरकं राहा. आठवणी प्रेक्षकांना सांगा. 'आता मला तो बाक दिसतो' हे वाक्य मात्र सरांकडे वळून म्हणा. वळताना माइकपासून तोंड लांब जातं, म्हणून माइक हातात घेता येत असेल तर घ्या.

आणि भाषणाची एक प्रत सरांसाठी न्या. त्या दिवशी त्यांच्यासमोर इतकं काही घडत असतं की ऐकलेलं निम्मं त्यांच्या लक्षात राहत नाही. शाल-श्रीफळाच्या गर्दीत ती हातात देऊ नका, हारांबरोबर ती कुठेतरी जाईल. त्यांच्या घरचं कोणी आलं असेल त्यांच्याकडे पाकीट द्या. आत तुमच्याच हस्ताक्षरातलं भाषण, खाली माहेरचं आणि आताचं नाव, दहावीचं साल, तुकडी आणि फोन नंबर. आणि हो, कागदावर जागा उरली तर तो कप काढा, तळाच्या बाकासकट.